ठिपक्यांच्या रांगोळीतून चादरीची नक्षी: जुळणारी टाइल काढताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दारातली रांगोळी छान दिसते. तिचा फोटो काढून तोच चौकोन शेजारी शेजारी लावला तर चादर होत नाही का?

होते, पण ती चौकोनांची चादर होते, नक्षीची होत नाही. दारातल्या रांगोळीला मध्य असतो आणि कडा असते. सगळं त्या मध्याकडे बघत असतं, आणि कडेला नक्षी संपते. सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर जी लांबच लांब रांगोळी घालतात, तिच्यात मात्र एकच आकार पुढे पुढे सरकत जातो आणि बघणाऱ्याला तो कुठे सुरू झाला, कुठे संपला हे सांगता येत नाही. टाइल म्हणजे तेच, फक्त उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांना. उजव्या कडेवर जी रेष जिथे बाहेर जाते, तिथेच डाव्या कडेवर ती आत आली पाहिजे. वरच्या आणि खालच्या कडेचंही तसंच.

म्हणून फोटोपासून सुरुवात करू नका. ठिपक्यांपासून करा. ठिपके आपल्याला मोजमाप फुकट देतात.

सात ठिपक्यांची रांगोळी आहे. मग टाइल सात ठिपक्यांची धरायची ना?

सहाची. नव्या माणसाची नक्षी सगळ्यात जास्त वेळा इथेच बिघडते.

सात ठिपक्यांमध्ये अंतरं सहाच असतात. टाइल अंतरं मोजते, ठिपके नाही. पहिल्या टाइलचा सातवा ठिपका हाच दुसऱ्या टाइलचा पहिला ठिपका असतो. सातही ठिपके टाइलमध्ये घेतले तर सांध्यावर दोन ठिपके शेजारी येतात किंवा एकमेकांवर चढतात, आणि चादरभर दर काही इंचांवर एक जाड पट्टी उमटते. जवळून ती ओळखू येत नाही. चार पावलं मागे सरून डोळे किलकिले करून बघा, जाळी दिसली की समजा एक ठिपका जास्त झाला आहे.

ठिपका नेमका कडेवर येत असेल तर अर्धा ठिपका या कडेला, अर्धा समोरच्या कडेला ठेवा. कोपऱ्यातल्या ठिपक्याचा चारही कोपऱ्यांत पाव पाव भाग. टाइल लावली की ते आपोआप पूर्ण होतात.

नवीन नक्षी सुचायची कशी? तीच तीच कमळं आणि मोर किती काढायचे?

सुचण्यावर अवलंबून राहू नका, एक नियम घ्या आणि त्याला खेळू द्या. आमच्या मते ठिपक्यांच्या रांगोळीसाठी सगळ्यात उपयोगी नियम असा आहे.

चार ठिपक्यांच्या मधला एक चौकोनी तुकडा घ्या. ठिपके त्याच्या चार कोपऱ्यांत आहेत. आता समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांभोवती पाव पाव वर्तुळ काढा, त्रिज्या तुकड्याच्या बाजूच्या अर्धी. म्हणजे प्रत्येक वळणाची दोन्ही टोकं बाजूंच्या बरोबर मध्यावर येतात. तुकड्याच्या चारही बाजूंच्या मध्यावर एकेक रेष टेकलेली आहे. हा तुकडा दोनच तऱ्हांनी ठेवता येतो: वळणं एकतर वर-डावीकडच्या आणि खाली-उजवीकडच्या कोपऱ्याभोवती, नाहीतर वर-उजवीकडच्या आणि खाली-डावीकडच्या. पहिल्याला ‘सुलटा’ म्हणू, दुसऱ्याला ‘उलटा’.

आता गंमत बघा. प्रत्येक बाजूच्या मध्यावर रेष असतेच, म्हणून कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याशेजारी ठेवा, रेष जुळतेच. टाइलच्या कडेलाही तोच नियम लागू, त्यामुळे सांधा मुद्दाम जुळवावाच लागत नाही. सगळे तुकडे सुलटे ठेवले तर तिरक्या लाटा होतात. बुद्धिबळाच्या पटासारखे एक सुलटा, एक उलटा ठेवले तर एकाआड एक ठिपक्याभोवती गोल वळी तयार होतात. या दोन टोकांच्या मध्ये सगळा खेळ आहे.

जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर छत्तीस तुकडे काढून कापा आणि जमिनीवर बसून लावा. संगणकावर हे सगळं होतंच, पण हाताने तुकडा फिरवताना जे दिसतं ते माउसने दिसत नाही, असं आमचं मत आहे.

छत्तीस तुकडे म्हणजे शक्यता फार झाल्या. निवड कशी करायची?

छत्तीसच्या छत्तीस मोकळे सोडले तर नक्षी गुंतवळ्यासारखी दिसते. डोळ्याला तोल हवा असतो. म्हणून सहा बाय सहा टाइलच्या फक्त वरच्या डाव्या पाव भागात, म्हणजे तीन बाय तीनमध्ये, नऊ तुकडे मनासारखे लावा आणि बाकीचे तीन पाव भाग आरशात धरल्यासारखे उलटवा. नऊ तुकडे, प्रत्येकाच्या दोन तऱ्हा, एकूण ५१२ नक्ष्या. एवढ्या पुरतात.

एक उदाहरण करून बघू. नऊही तुकडे सुलटे ठेवा आणि आरसा लावा: टाइलच्या मध्याभोवती एकात एक लाटेदार शंकरपाळे तयार होतात. नीटनेटकं, पण जरा निर्जीव. आता नवांपैकी मधला एकच तुकडा उलटा करा. त्या जागी शेजारच्या दोन लाटा तुटतात आणि एकमेकींना जोडल्या जातात. आरशामुळे हे चारही बाजूंना होतं, आणि सरळ शंकरपाळ्यांच्या जागी नजरेला थोडं चुकवणारी गाठ दिसू लागते. एका तुकड्याने इतका फरक पडतो. म्हणून एका वेळी एकच तुकडा बदला आणि प्रत्येक बदलाचा फोटो काढून ठेवा. नंतर आठवत नाही.

आरशाची एक खोड आहे. ज्या रेषेवर आरसा धरला तिथे प्रत्येक ठिकाणी अर्धवर्तुळं तयार होतात, आणि तो भाग इतर नक्षीपेक्षा घट्ट वाटतो. ते नको असेल तर पाव भाग उलटवण्याऐवजी मध्याभोवती काटकोनात फिरवत न्या. नक्षीला भोवऱ्यासारखी गती येते. सांधे तरीही जुळतात.

आम्ही ‘पंधरा ते आठ’ची, मधल्या ठिपक्यांची रांगोळी घालतो. तिची टाइल चौकोनी का बसत नाही?

कारण ते ठिपके चौकोनी मांडलेले नसतातच. मधली ओळ पंधरा ठिपक्यांची, वर-खाली एकेक कमी करत आठपर्यंत, असा तो षटकोन असतो. एकूण १६९ ठिपके. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा अर्ध्या अंतराने सरकलेली असते. तीन शेजारी ठिपक्यांचा समभुज त्रिकोण व्हायचा असेल तर दोन ओळींमधलं अंतर दोन ठिपक्यांमधल्या अंतराच्या ०.८६६ पट लागतं.

संगणकावर पूर्ण आकडे हवेत. दोन ठिपक्यांत ३० पिक्सेल आणि दोन ओळींत २६ पिक्सेल घ्या. २६ भागिले ३० म्हणजे ०.८६७, फरक डोळ्याला दिसणार नाही इतका. अर्धा सरक १५ पिक्सेल, तोही पूर्ण. आठ अंतरं रुंद आणि आठ ओळी उंच घेतल्या तर टाइल २४० बाय २०८ होते.

ओळींची संख्या मात्र समच हवी. सात ओळी घेतल्या तर सातवी ओळ न सरकलेली, आणि तिच्याखाली येणाऱ्या पुढच्या टाइलची पहिली ओळही न सरकलेली. सांध्यावर ठिपके एकाखाली एक सरळ उभे राहतात आणि षटकोन तिथे चेपल्यासारखा दिसतो.

टाइल पडद्यावर गोल दिसते, पण चादरीवर वळी लांबट का येतात?

मागावरचा खाना, म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा जिथे भेटतात ती जागा, चौरस नसतो, म्हणून. कापडात एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती, हे सहसा सारखं नसतं. आधी तयार, धुतलेल्या चादरीवर एक इंची भिंग ठेवून दोन्ही मोजा. मागावर ताणात असलेलं कापड मोजू नका, ते उतरल्यावर आणि धुतल्यावर आटतं. चादर दुहेरी असेल तर समोरच्या थरातलेच धागे मोजा. मागच्या थराचा हिशेब ग्राफ करणारा, म्हणजे तुमचं चित्र मागासाठी खान्यांत उतरवणारा माणूस, वीण भरताना करतो.

समजा इंचात ४० उभे आणि ३२ आडवे आले, आणि जॅकार्डवर, म्हणजे मागावर उभे धागे नक्षीप्रमाणे वर-खाली करणाऱ्या यंत्रावर, नक्षीसाठी २४० उभे खाने मिळतात. २४० भागिले ४०, म्हणजे टाइल ६ इंच रुंद. ती ६ इंच उंचही हवी, तर आडवे खाने ६ गुणिले ३२, म्हणजे १९२. तुमचं चित्र २४० बाय १९२ पिक्सेलचं, एक पिक्सेल म्हणजे एक खाना. आपला सहा बाय सहाचा हिशेब यात सुरेख बसतो: प्रत्येक तुकडा ४० बाय ३२ खान्यांचा आणि कापडावर बरोबर एक इंचाचा.

पडद्यावर ही फाइल चेपलेली दिसेल, वळी आडवी पसरट. ती ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. कापडावर ती गोल होतात.

आणखी एक. तुकडा आता चौरस नसल्यामुळे तो काटकोनात फिरवता येत नाही. ४० बाय ३२ चा तुकडा फिरवला की ३२ बाय ४० चा होतो. उलटा तुकडा हवा असेल तर डावं-उजवं पलटवा, तेच काम होतं. भोवऱ्यासारखी नक्षी करायची असेल तर तुकडे फिरवू नका, कुठे सुलटा आणि कुठे उलटा एवढंच आधी कागदावर लिहून घ्या आणि त्याप्रमाणे भरा.

रेष किती जाड ठेवायची?

जाडीपेक्षा ती सम आहे की विषम, हे आधी बघा. समजा रेष पाव इंचाच्या अर्धी, म्हणजे अष्टमांश इंच ठेवली. उभी चालताना ती ४० च्या हिशेबाने ५ खाने, आडवी चालताना ३२ च्या हिशेबाने ४ खाने. कागदावर आकडे देखणे. पण तुकडा ४० खान्यांचा, त्याचा मध्य विसाव्या आणि एकविसाव्या खान्याच्या मध्ये. पाच खान्यांची रेष त्या मध्यावर बरोबर बसूच शकत नाही, अर्धा खाना इकडे किंवा तिकडे जाते. तुकडा पलटवला की ती दुसऱ्या बाजूला जाते, आणि सुलटा-उलटा जिथे भेटतात तिथे एका खान्याची पायरी पडते. ग्राफवर ही पायरी क्षुल्लक वाटते, कापडावर रेष प्रत्येक सांध्याला ठेचकाळल्यासारखी दिसते.

म्हणून पाव इंच घ्या: उभी १० खाने, आडवी ८ खाने. दोन्ही सम. तुकड्याच्या वरच्या बाजूवर रेष १६ ते २५ या खान्यांत, डाव्या बाजूवर १३ ते २० या खान्यांत. चादरीला ठसठशीतपणा शोभतोच. इतक्या जाडीला तुकड्यातल्या दोन वळणांमध्ये साधारण सहावा भाग इंच जागा उरते. याहून फार जाड केलं तर ती वळणं एकमेकांना चिकटतील.

वळणाच्या पायऱ्या हाताने साफ करा. पण एकाच तुकड्यात करा, मग तोच सगळीकडे वापरा. छत्तीस ठिकाणी डागडुजी केली तर छत्तीस वेगवेगळी वळणं होतात.

सांधा जुळला की नाही हे विणण्याआधी कसं कळेल?

टाइल अर्ध्याने सरकवा, म्हणजे कडा मधोमध येतात आणि दोष असेल तर डोळ्यासमोर उभा राहतो. GIMP मध्ये Layer > Transform > Offset, तिथे Wrap around निवडून रुंदी-उंचीचा निम्मा आकडा द्या. Krita मध्ये Wrap Around Mode चालू केलं तर काढतानाच चारही बाजूंना नक्षी पसरलेली दिसते, आणि ते फार सोयीचं आहे. ImageMagick असेल तर दोन ओळींत काम होतं:

```
magick tile.png -roll +120+96 check.png
magick -size 720x576 tile:tile.png wall.png
```

पहिली ओळ टाइल अर्ध्याने सरकवते, दुसरी तीन बाय तीन टाइल लावून दाखवते. दोन्ही बघा. सरकवलेल्या चित्रात तुटलेली रेष दिसते, लावलेल्या चित्रात न मागितलेले पट्टे दिसतात. एखादा भाग बाकीच्यापेक्षा काळा असेल तर लावलेल्या चित्रात तो ओळीने उभा राहतो.

व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल ग्राफवाल्याने परत का केली?

व्हॉट्सॲपने फोटो म्हणून पाठवताना ती JPG केली आणि दाबली. JPG मध्ये काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर करडे ठिपके येतात. मागाला करडा रंग माहीत नाही, खान्यात उभा धागा वर किंवा खाली. तो करडा ठिपका कशात धरायचा हे मग कुणीतरी अंदाजाने ठरवतं.

PNG ठेवा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आधी GIMP मध्ये Image > Mode > Indexed करून दोनच रंग ठेवा, Dithering बंद. रंग मोजायचे तर:

```
magick identify -format "%k\n" tile.png
```

उत्तर २ यायला हवं. ३७ आलं तर कडा मऊ राहिल्या आहेत. चित्र लहान-मोठं करतानाही हेच होतं, म्हणून Interpolation: None ठेवा. त्याहून बरं म्हणजे पहिल्यापासून २४० बाय १९२ मध्येच काढा.

चादरीच्या मापात टाइल पुरी बसेल का?

६० बाय ९० इंचांची चादर आणि चारही बाजूंना ३ इंचांची किनार घेतली तर मधे ५४ बाय ८४ उरतात. सहाने भागा: ९ आणि १४. पूर्ण बसली. किनार ४ इंचांची केली असती तर ५२ उरले असते, आणि एका बाजूला टाइलचा तुकडा कापला गेला असता. किनार आधी ठरवण्यापेक्षा टाइलवरून किनार काढा.

रुंदीत दुसरी अट जॅकार्डची. नक्षीचे २४० खाने असतील तर टाइलची रुंदी २४०, १२०, ८० किंवा ६० अशी, म्हणजे २४० ला पूर्ण भाग जाणारी हवी.

टाइल एकाखाली एक न लावता अर्ध्याने उतरती लावली तर?

चांगली दिसते, आडवे पट्टे मोडतात. पण मागाला ‘उतरती’ हा प्रकार कळत नाही, त्याला सरळ आयतच हवा. म्हणून दोन टाइल शेजारी घ्या, दुसरी अर्ध्या उंचीने खाली सरकवा, खालून बाहेर गेलेला भाग वर आणा. हा दुप्पट रुंद आयत म्हणजे तुमची नवी टाइल. २४० खान्यांत तो बसवायचा तर मूळ टाइल १२० ची, म्हणजे तीन इंचांची घ्यावी लागेल.

चादरीची नक्षी टॉवेलवर चालेल?

ग्राफ करणाऱ्याला विचारूनच. टॉवेलला लूप असतात, ते बाजूला पसरतात आणि बारीक फटी भरून टाकतात. आपल्या तुकड्यातली ती सहावा भाग इंचाची फट टॉवेलवर जवळजवळ दिसणार नाही. टाइल मोठी करा, तुकडे कमी करा.

दुहेरी विणीच्या चादरीचं दुखणं उलटं आहे. तिथे दोन थर असतात, नक्षी बदलते त्या रेषेवर ते जागा बदलतात, म्हणूनच मागच्या बाजूला रंग उलटे दिसतात. साध्या दुहेरी विणीत थर एकमेकांना धरतात तेही त्याच रेषेवर. तळहाताएवढा एकरंगी भाग ठेवलात तर तिथे दोन्ही थर सुटे राहून खिसा तयार होतो, आणि धुतल्यावर तो फुगतो. आपल्या नक्षीत दर इंचाला रेष आहे, त्यामुळे हा त्रास नाही. मध्ये मोठं कमळ घालायचा मोह झाला तर त्याच्या पाकळ्यांत रेषा भरा.

ग्राफवाल्याकडे जाताना काय न्यायचं?

२४० बाय १९२ ची दोनरंगी PNG, तीन बाय तीन लावलेलं चित्र, आणि ज्या चादरीवर धागे मोजले तिचा तुकडा. सोबत कागदावर लिहा: इंचात उभे ४०, आडवे ३२, टाइल ६ इंच, किनार ३ इंच, काळा म्हणजे कुठला रंग आणि तो समोर की मागे. शेवटची गोष्ट लिहायची राहते, आणि मग लाल पांघरुणावर पांढरी नक्षी मागितलेली असताना पांढऱ्यावर लाल येते. तशी चादर उलटी करून पांघरता येतेच म्हणा, पण किनारीची शिलाई चुकीच्या बाजूला दिसते.